मदत हवी आहे: दसरा काढायच्या पॅकेजचं कॅप्शन कसं लिहू?

नमस्कार मंडळी, लातुरात आमची घरसफाईची चार जणांची टीम आहे. घटस्थापनेच्या आधी लोक दसरा काढतात, त्यासाठी कॅप्शन लिहायलोय पण एका जागी अडकलोय. आत्तापर्यंत एवढं झालंय:

"दसरा काढायचाय? वन बीएचके 2,800, टू बीएचके 3,800. स्लॉट सकाळी 8 ते 1 नाहीतर दुपारी 2 ते 7. घराचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, 500 अ‍ॅडव्हान्स आला की तारीख पक्की."

अडचण आहे बाथरूमच्या क्षाराची. आपल्याकडं बोअरचं पाणी, टाइलवर पांढरा थर बसतो आणि ओली टाइल चकाचक दिसते, वाळली की खरं कळतं. गेल्या वर्षी एका ताईंनी नुकत्याच धुतलेल्या बाथरूमचा व्हिडिओ पाठवला, आम्ही नेहमीचा रेट सांगितला आणि तिथं एका बाथरूमलाच दोन तास गेले, दुपारचं घर रात्री 9 ला उरकलं. अ‍ॅसिड मारलं तर पटकन निघतं पण टाइलच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि नळाची चकाकी जाते, म्हणून आम्ही लिंबूसत्वाच्या पाण्यात फडकं भिजवून अर्धा तास नळावर गुंडाळून ठेवतो, मग घासतो. वेळ लागतोच.

त्यामुळं यंदा क्षाराचे बाथरूममागं 600 वेगळे घ्यायचेत आणि व्हिडिओ कोरड्या बाथरूमचाच पाहिजे. हे रेटच्या शेजारीच लिहू का बुकिंगच्या ओळीत? लोकांना छुपा चार्ज वाटायला नको. कुणी दोन ओळी सुचवता का?