मदत हवी: बजेटच्या भाषणाचा सारांश काढतोय, आकडे पटेनात

गोदाकाठ, परभणी
उद्या सकाळी अभ्यासिकेत वाटायचाय. क्षेत्रवार दोन पानं, आकडे आणि टक्के भाषणातले जसेच्या तसे. सगळं लिहून झालं, पण शेतीला १.५२ लाख कोटी आणि नुसत्या शहरी घरांना १० लाख कोटी? कुठं चुकलं? लवकर सांगा.

लातूरचा पाहुणा
राज्याचं का केंद्राचं? आणि २०२४ चं असंल तर फेब्रुवारीचं का जुलैचं?

गोदाकाठ, परभणी
केंद्राचं हो, २३ जुलैचं. १.५२ वरून कळत नाही का?

आकडेमोड
भाषणाच्या नादी लागूच नका. सोबतच्या कागदांत शेतीला १,५१,८५१ कोटी आहेत. तेच टाका, अचूक येतं.

जुना लेखापाल
आकडा बरोबर आहे, पण त्यांना भाषणाचा सारांश पाहिजे. भाषणात १.५२ लाख कोटी आहे, तेच राहू द्या. १,५२,००० कोटीही करू नका, वाचणाऱ्याला तो पुरा आकडा वाटतो.

आता घरांचं. ते वाक्य पुन्हा वाचा: १० लाख कोटी ही गुंतवणूक आहे, तरतूद नाही. त्यातली केंद्राची मदत २.२ लाख कोटी, तीही पुढच्या ५ वर्षांत. शेतीचे १.५२ मात्र २०२४-२५ ह्या एकाच वर्षाचे. तुम्ही दोन्ही एकाच रकान्यात टाकले. आकड्याशेजारी दोन रकाने वाढवा: 'कशाचा' आणि 'किती वर्षांचा'. रोजगाराच्या ५ योजनांचे २ लाख कोटी बघा, तेही ५ वर्षांचेच. शिक्षण, रोजगार, कौशल्याचे १.४८ लाख कोटी त्या एकाच वर्षाचे. त्यांची बेरीज केली की फसलात.

गोदाकाठ, परभणी
केलीच होती. ३.४८ लिहून ठेवलंय. खोडतो. भांडवली खर्च ३.४ टक्के, तो बरोबर ना?

जुना लेखापाल
कशाचे ३.४ टक्के? ११,११,१११ कोटी हे जीडीपीच्या ३.४ टक्के आहेत. नुसतं ३.४ लिहिलं तर पोरं एकूण खर्चाचे समजतील.

आकडेमोड
एकूण खर्च ४८.२१ लाख कोटी, म्हणजे त्याचे २३ टक्के होतात. तेही लिहा की.

जुना लेखापाल
ते भाषणात आहेत का? तुम्ही काढलेले टक्के खाली टीप म्हणून द्या, सारांशात नको.

सोयाबीनवाला, हिंगोली
टक्के राहू द्या, सोयाबीनला भाव कधी मिळणार ते सांगा. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता आणि आडत्यावर गेलं की दुसरंच.

लातूरचा पाहुणा
दादा, वेगळा धागा काढा.

गोदाकाठ, परभणी
अजून एक अडलंय. महिला आणि मुलींसाठीच्या योजनांचे ३ लाख कोटी कोणत्या क्षेत्रात टाकू? बऱ्याच खात्यांतले दिसतात.

जुना लेखापाल
आधी '३ लाख कोटींपेक्षा जास्त' असं लिहा, 'जास्त' गाळू नका. मी ते वेगळ्या चौकटीत ठेवीन, क्षेत्रांत मोडणार नाही.

आकडेमोड
मी तर समाजकल्याणात टाकीन.

गोदाकाठ, परभणी
तुमचं आधी ठरवा. मी तवर झेरॉक्सवाल्याला थांबवतो.