अनुभव धागा: परिषदेच्या चहाच्या सुट्टीत ज्येष्ठांशी बोलताना

निशिगंध
पुढच्या महिन्यात रेडिओ खगोलशास्त्राच्या परिषदेत माझं पहिलं पोस्टर आहे. ज्यांचे शोधनिबंध वाचून मी या विषयात आले, त्या मॅडमही येणार आहेत. मागे एका कार्यशाळेत अशाच एका ज्येष्ठ सरांना गाठलं होतं. "सर, तुमचं काम फार आवडतं," म्हणाले. ते "धन्यवाद" म्हणाले आणि पुढे दोघंही गप्प. हातातली बशी वाजत होती, तेवढाच आवाज. ती रुखरुख अजून गेलेली नाही. तुमचं काय झालं होतं, सविस्तर लिहा.

बेसलाइन
कौतुकाला उत्तर काय देणार? धन्यवादच. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असताना एकच अडचण घेऊन गेलो होतो. जीएमआरटी दुर्बिणीच्या 250 ते 500 मेगाहर्ट्‌झच्या डेटात जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्यांवर बाहेरचा व्यत्यय इतका यायचा, की मी त्या जोड्या सरसकट काढून टाकायचो. पण आकाशात पसरलेलं अंधुक उत्सर्जन त्याच जोड्यांना दिसतं. माझा दीर्घिकासमूहाभोवतीचा प्रभामंडल प्रतिमेतून गायबच झाला.

सरांना म्हटलं, "सर, मी अमुक संस्थेतून आलोय, दीर्घिकासमूहांवर काम करतो. व्यत्ययापायी जवळच्या जोड्या काढतो, तर प्रभामंडलही जातं. तुम्ही काय ठेवता, काय काढता?" त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर आडवा अक्ष वेळेचा, उभा वारंवारतेचा असा चौकोन काढला. "जोडी कशाला काढतोस? व्यत्यय कुठल्या वेळी, कुठल्या चॅनेलवर आहे ते बघ आणि तेवढंच खोड." दहाएक मिनिटं बोललो. परत आल्यावर तसं करून पाहिलं आणि आधीची व नंतरची प्रतिमा चार ओळींच्या ईमेलबरोबर पाठवली. पुढच्या परिषदेत त्यांनीच विचारलं, "प्रभामंडल सापडलं का?"

छाती तेव्हाही धडधडत होती. पण पहिली दोन वाक्यं खोलीवर मोठ्याने म्हणून गेलो होतो, आणि चहा घेतलाच नाही. हात मोकळे होते.

दुर्बीणवेडा
मी तर म्हणेन, त्यांचं झाडून सगळं वाचून जा. मी एका सरांना त्यांच्या जुन्या निबंधातला आकडा तोंडपाठ सांगितला, ते खूश झाले.

मावळतीचा तारा
निवृत्त आहे, पलीकडच्या बाजूने लिहितो. वाचून यावं हे खरं, पण सगळं नको. अलीकडचा एक निबंध नीट वाचलेला पुरतो. जुना आकडा आम्हीच पुढे दुरुस्त केलेला असतो, मग संभाषण त्या दुरुस्तीतच अडकतं.

व्याख्यान संपल्या संपल्या गाठू नका. तेव्हा घसा कोरडा असतो आणि भोवती सात-आठ जण असतात. पोस्टर सत्राचा शेवटचा अर्धा तास बरा, तेव्हा गर्दी ओसरते. समोरच्याची पावलं दाराकडे वळली किंवा उत्तरं एका शब्दावर आली, की "सर, करून बघते आणि कळवते" म्हणून निघा. दुसऱ्या दिवशी मी नाव विसरलेलो असेन. मन दुखवून न घेता पुन्हा सांगा. नावं जातात, अडचण लक्षात राहते.

शाळेचा फळा
मी संशोधक नाही, नारायणगावाजवळच्या शाळेत शिकवते. विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला जीएमआरटी बघायला मुलांना घेऊन जाते. एकदा सातवीतल्या मुलीने तिथल्या एका मोठ्या शास्त्रज्ञांना विचारलं, "तबकडीला जाळी आहे, मग लहरी भोकांतून निसटत नाहीत का?" मी घाबरून तिला मागे ओढायला गेले. पण ते गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "लहर भोकापेक्षा कितीतरी लांब असते, म्हणून तिला जाळी पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो." 45 मीटरच्या तबकडीला वाऱ्याचा केवढा रेटा बसेल, हे मग मुलीनेच सांगितलं. तिला भीती वाटलीच नाही, कारण तिला उत्तर हवं होतं. इथे चालेल ना हा अनुभव?

काउंटरपलीकडे
आमच्या बँकेच्या कार्यक्रमात जनरल मॅनेजरसमोर भाषण करायचंय, घशाला कोरड पडते. काही उपाय?

बेसलाइन
@काउंटरपलीकडे, भाषणाचं वेगळं, तिथे समोरून उत्तर येत नाही. पण पहिलं वाक्य पाठ करा, एवढं तिथेही चालतं.

चांदणचुरा
गाइडकडून ओळख करून घ्यावी का? माझे सर घेऊन गेले, पण मग तेच दोघं वीस मिनिटं जुन्या आठवणी काढत राहिले.

मावळतीचा तारा
ओळख झाली की माझा संकोच जातो, म्हणून मला ती बरी वाटते.

बेसलाइन
मला पटत नाही. एकट्याने गेलं तरच तुमचं काम तुमच्या तोंडून ऐकलं जातं.

निशिगंध
फळा ताई, चालेल काय, हवाच होता! माझ्या प्रतिमेत एका प्रखर स्रोताभोवती आऱ्यांसारखे पट्टे येतात. दिशेनुसार कॅलिब्रेशन केलं तर ते कमी होतात, पण शेजारचा अंधुक स्रोतही फिका पडतो. मॅडमना हेच विचारते. दोन्ही प्रतिमा पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी लावल्या आहेत, म्हणजे बोट दाखवून सुरुवात करता येईल. गाइडना बरोबर न्यायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये.