मदत हवी आहे: एक्सेल येते, पण दाखवायला नमुना नाही

पाऊलवाट:
नमस्कार. मी सहा वर्षे ऑफिसमध्ये दिवसभर एक्सेलवर काम करते आणि आता घरून सुटी कामे घ्यायची इच्छा आहे. दोन ठिकाणी विचारून पाहिले, तर दोघांनीही पूर्वीच्या कामाचा नमुना मागितला आणि गाडी तिथेच अडली. नमुना नसताना पहिले काम कसे मिळवावे? "आधी कोर्स करा" एवढे मात्र कृपया सांगू नये.

जुना हिशेबनीस:
दिवसभर नेमके काय करता, आणि विचारणा करताना कोणत्या शब्दांत केली, हे दोन्ही लिहा. "एक्सेलवर काम करते" यावरून समोरच्याला काही कळत नाही, तसे मलाही कळले नाही.

खटपट्या:
एवढा विचार कशाला? ऑफिसमधली एखादी चांगली फाईल घ्यावी, नावांची मूळ शीट काढून टाकावी आणि नुसता पिव्होट ठेवून पाठवावा. मी हेच केले होते आणि काम मिळाले होते.

जुना हिशेबनीस:
खटपट्या, तुमचे निभावले, पण हा सल्ला देऊ नका. मूळ शीट काढली तरी पिव्होट आपल्यापाशी त्या माहितीची प्रत ठेवतो, आणि सेटिंग बदललेले नसेल तर एकूण बेरजेवर डबल क्लिक करताच सगळ्या ओळी नव्या शीटवर नावानिशी उघडतात. स्वतः करून पाहा. शिवाय ऑफिसची फाईल बाहेर नेणारी व्यक्ती आपलीही नेईल, असे ग्राहकाच्या मनात येतेच.

खटपट्या:
डबल क्लिक करून पाहिले. ओळी आल्या. तरीही खरी फाईल दाखवल्याने वजन पडते, या मतावर मी ठाम आहे.

शेफालिका:
माझ्या मते आधी चांगला लॅपटॉप घ्यावा. माझी फाईल उघडायलाच पाच मिनिटे लागतात, त्यावर कुणाकडे उपाय आहे का?

पाऊलवाट:
लॅपटॉपची अडचण नाही. मी दर महिन्याला पुरवठादारांची सुमारे 900 बिले बँकेतून गेलेल्या रकमांशी VLOOKUP लावून जुळवते आणि न जुळलेल्यांची यादी साहेबांना देते. विचारणा करताना "एक्सेलची सर्व कामे करून मिळतील" असे लिहिले होते.

जुना हिशेबनीस:
मग तुमचा नमुना तुमच्या रोजच्या कामातच आहे. मनाने रचलेली चाळीस बिले एका शीटवर आणि त्यांच्या बँकेच्या नोंदी दुसऱ्या शीटवर घ्या. त्यांत आपणच चुका पेरा: एक बिल दोनदा दिलेले, एक कमी दिलेले, एक मुळीच न दिलेले, आणि एकाच रकमेत भागवलेली दोन बिले. VLOOKUP पहिली सापडलेली नोंदच दाखवते, त्यामुळे दोनदा दिलेले बिल तिला बिनचूक वाटते. त्याऐवजी बिलांच्या शीटवर बिल क्रमांक A मध्ये आणि रक्कम B मध्ये ठेवा, बँकेच्या शीटला Bank नाव देऊन तिथे बिल क्रमांक A मध्ये आणि गेलेली रक्कम C मध्ये ठेवा, आणि बिलांच्या शीटवर हे लिहा:

```
=SUMIFS(Bank!C:C,Bank!A:A,A2)-B2
```

शून्य आले तर जुळले, अधिक आले तर जादा गेले, उणे आले तर बाकी आहे. एका रकमेतली दोन बिले मात्र हा फॉर्म्युला सोडवत नाही. ती "ग्राहकाने ठरवावे" अशा वेगळ्या यादीत टाका, कारण तिथे अंदाजाने जुळवणे हीच खरी चूक ठरते.

आता विचारणेत इतकेच लिहा: "तुमच्या एका महिन्याच्या बिलांपैकी कोणती दोनदा दिली गेली आणि कोणती राहिली, ते शोधून देईन." सोबत चुका पेरलेली फाईल आणि सापडलेल्या चुकांची यादी जोडा, आणि आकडे रचलेले आहेत हे स्पष्ट सांगा.

मॅक्रोपंथी:
हे सर्व हाताने करण्यापेक्षा मॅक्रो लिहावा. ग्राहकावर छाप पडते.

जुना हिशेबनीस:
अनोळखी व्यक्तीकडून आलेली मॅक्रोची फाईल पुष्कळ ठिकाणी उघडतच नाही, त्यामुळे छाप पडायची तर ती पडणार कुठे? पहिल्या कामात साधी फाईल बरी.

पाऊलवाट:
नमुना तयार झाला. वेबपेजवरच्या यादीतून बँकेच्या नोंदींचे क्रमांक उचलले, तर तीन बिले डोळ्यांना सारखी दिसूनही जुळेनात. TRIM लावूनही फरक पडला नाही.

जुना हिशेबनीस:
LEN ने अक्षरे मोजा. एक जास्त निघाले तर ती वेबपेजवरून आलेली न तुटणारी मोकळी जागा आहे, आणि तिला TRIM हात लावत नाही. बँकेच्या शीटवर रिकाम्या कॉलममध्ये हे लावा आणि निकाल मूळ क्रमांकांवर फक्त मूल्ये म्हणून चिकटवा:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

आणि ही चूक नमुन्यात राहू द्या. ग्राहकाच्या फाईलमध्ये ती असण्याची शक्यता मोठी आहे. भाव सांगण्यापूर्वी त्याच्याकडून वीस खऱ्या ओळी मागा, कारण वेळ जुळवण्यात कमी आणि साफसफाईत जास्त जातो.

खटपट्या:
वीस ओळी कुणी देणार नाही. तासावर भाव सांगावा, म्हणजे साफसफाईचे पैसेही मिळतात.

पाऊलवाट:
तीनही बिले जुळली, आभार. पण तासावर भाव सांगितला आणि मी भरभर काम केले, तर माझेच नुकसान नाही का?