मदत हवी आहे: महामार्गावरच्या ४० × २० फुटी होर्डिंगवर अक्षरं किती मोठी आणि शब्द किती?

सावली_परळ

नमस्कार. मी डिझाइनची छोटी कामं घेते, पण होर्डिंगचं काम पहिल्यांदाच आलंय. एका महिला बचत गटाचा दिवाळी फराळ आहे. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या आसपास, ठाण्याकडे जाणाऱ्या बाजूला ४० बाय २० फुटांची साइट महिनाभरासाठी मिळाली आहे.

त्यांनी दिलेला मजकूर असा: 'दिवाळीचा अस्सल घरगुती फराळ! चिवडा, चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळे. घरपोच सेवा उपलब्ध. आजच ऑर्डर नोंदवा.' शिवाय गटाचं नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर.

सगळं बसवलं तर मथळ्याची अक्षरं ४५ सेंमी, पदार्थांची २० आणि फोन नंबरची १५ सेंमी होतात. स्क्रीनवर छान दिसतंय. जागेवर जाऊन पाहिलं, तर झाडांमागून बोर्ड साधारण १२० मीटरवर मोकळा होतो. शेवटच्या ४० मीटरमध्ये तो गाडीच्या काचेतून वर आणि बाजूला निघून जातो. अक्षरं पुरेशी मोठी आहेत का, हे कसं ठरवायचं?

फ्लेक्स_भांडुप

सोपं आहे. दर १० फुटांना १ इंच. १२० मीटर म्हणजे ३९४ फूट, म्हणजे ३९-४० इंची अक्षर. कोरलमध्ये तेवढा साइझ टाका, झालं.

रेघ_आणि_रंग

तुमचा नियम ठसठशीत दिसण्यासाठीचा आहे, वाचता येण्याची किमान मर्यादा बरीच खाली असते. आणि कोरलमधला साइझ टाकून ते अक्षर मिळणार नाही. तिथला आकडा फाँटच्या पूर्ण चौकटीचा असतो. वरच्या वेलांट्या, खालचे उकार धरून. प्रत्येक फाँटमध्ये अक्षराचं अंग त्या चौकटीचा वेगळाच भाग व्यापतं. म्हणून 'प' टाइप करून कर्व्ह करा आणि शिरोरेघेपासून दांड्याच्या टोकापर्यंत मोजा. वाचताना कामाला येते ती ही उंची. सावलीताई, तुमचे ४५, २०, १५ हे असेच मोजलेले आहेत का?

सावली_परळ

हो, शिरोरेघेपासूनच मोजलेत.

रेघ_आणि_रंग

मग आता हिशोब मांडता येईल. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी रोमन कॅपिटल अक्षरांचा एक ठोकताळा आहे: १ इंच अक्षर ३० फुटांवरून वाचता येतं, म्हणजे उंचीच्या ३६० पट अंतर. देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रा असल्याने मी ३६० ऐवजी २४० पट धरते. हा माझा कामाचा अंदाज आहे, कुठल्या नियमावलीतला नाही.

आता तुमच्या साइटवर लावून बघा. ४५ सेंमीचा मथळा १०८ मीटरवर वाचता येऊ लागेल आणि ४० मीटरवर नजरेआड होईल. मधले ६८ मीटर ताशी ६० किमीने साधारण चार सेकंदांत संपतात. २० सेंमीचे पदार्थ ४८ मीटरवर उमगतील, म्हणजे उरले ८ मीटर, अर्धा सेकंद. त्यात पाच नावं कोण वाचणार? आणि १५ सेंमीचा फोन नंबर वाचण्याजोगा होतो ३६ मीटरवर. तोपर्यंत बोर्ड काचेतून गेलेला असतो. तो नंबर चालत्या गाडीतून कोणालाच कधीच वाचता येणार नाही.

म्हणून अक्षर किती मोठं आणि शब्द किती हे दोन प्रश्न नाहीत. अक्षर लहान केलं की वाचायचा वेळही घटतो, आणि शब्द वाढवले की अक्षर लहान करावंच लागतं. दोन्हीकडून मार बसतो.

शिवाय त्या चार सेकंदांतला सगळा वेळ तुमचा नाही. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असायलाच हवी, तो एक-दोन वेळा वर बघेल. त्यामुळे मी पाच-सहा शब्दांच्या पुढे जात नाही.

चाळकरी

माझं गिरगावात वाणसामानाचं दुकान आहे, पाटी ८ फुटांची. तिच्यावर बारा-तेरा शब्द आहेत, गिऱ्हाईक सगळं वाचतं. एवढे कमी शब्द कशाला?

रेघ_आणि_रंग

तुमचं गिऱ्हाईक चालत येतं, समोर थांबतं, शिवाय रोजचं आहे. ८-१० मीटरवर ४-५ सेंमीचं अक्षर पुरतं. इथे माणूस सेकंदाला १६-१७ मीटर पुढे सरकतोय.

जुना_पेंटर

मी हाताने होर्डिंग रंगवायचो, पत्र्यावर घरं आखून. दुरून आधी काय जातं सांगतो. 'ब'च्या पोटातली रेघ जाते आणि त्याचा 'व' होतो. रफार जातो. उकार खालच्या ओळीला चिकटतो. आमचे उस्ताद मात्रेची जाडी अक्षराच्या दांड्याएवढीच ठेवायला लावायचे आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडायला सांगायचे. फाँट निवडताना त्याचं पोट मोकळं आहे का बघा, फार जाड ठोकळा फाँट दुरून काळा डाग दिसतो.

सावली_परळ

काका, खूप आभार. म्हणजे 'दिवाळीचा फराळ घरपोच' एवढंच, आणि खाली गटाचं दोन शब्दी नाव?

रेघ_आणि_रंग

एकूण पाच शब्द, बरोबर. मथळ्यात अकरा अक्षरं आहेत. मात्रा धरून एका अक्षराची सरासरी रुंदी उंचीच्या सव्वापटीपेक्षा थोडी कमी येते, फाँटवर अवलंबून. ७५ सेंमी उंची घेतली तर सगळी ओळ दहा मीटरच्या आसपास जाईल. बोर्ड १२.२ मीटरचा आहे, दोन्हीकडे समास उरतो. वरच्या वेलांट्या आणि मात्रा धरून ओळ ७५ सेंमीपेक्षा उंच होईल, तेवढी जागा सोडा. नाव ५० सेंमीच्या खाली नेऊ नका, कारण १२० मीटरला बरोबर तेवढंच पुरतं. उरलेल्या जागेत चकलीचा एकच मोठा फोटो. पदार्थांची यादी सांगायचं काम तो करेल.

१ फुटाला १ इंच या मापात फाइल असेल तर ७५ सेंमी म्हणजे जवळजवळ अडीच इंच.

सावली_परळ

गटातल्या ताई फोन नंबर सोडायला तयार होणार नाहीत. ५० सेंमीचा केला तर?

रेघ_आणि_रंग

जागेत बसेल, दहा अंक साडेतीन-चार मीटरमध्ये मावतात. पण दहा अंक वाचायला आणि लक्षात ठेवायला सगळे सेकंद जातील, मग फराळ कोण वाचणार? नाव असं ठेवा की मोबाइलवर शोधलं की सापडेल.

त्यांना दाखवायचं असेल तर दोन्ही ले-आउट १:५० मापात छापा, ए-फोर आडव्यावर साडेचोवीस सेंमी रुंदी येते. ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाला २.४ मीटरवर उभं करा, कागद दोन सेकंद दाखवा, झाका आणि काय वाचलं ते विचारा. २.४ मीटर म्हणजे तुमचे १२० मीटर. खोलीत धूळ नाही, हादरे नाहीत, म्हणून तिथे जेमतेम वाचता आलं तर ते रस्त्यावर नापासच समजा.

फ्लेक्स_भांडुप

मुद्दा पटला, पण संध्याकाळी त्या पट्ट्यात ताशी १५ किमीने गाड्या सरकतात. १२० पासून ४० पर्यंतचे ८० मीटर पार करायला १९ सेकंद लागतात. बसमधला माणूस पंधरा शब्दही वाचेल, नंबरही टिपेल. फराळाची ऑर्डर देणारे ऑफिसवरून घरी जाणारेच ना?

रेघ_आणि_रंग

हे खरं आहे, आणि यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी मोकळ्या रस्त्याचा वेग धरते, कारण तेव्हा वाचता आलं तर कोंडीतही येतं. पण गिऱ्हाईक मुख्यतः कोंडीतलंच असेल तर तुमचा हिशोब वेगळा निघेल. वेळ वाढला तरी १५ सेंमीचा नंबर मात्र ३६ मीटरच्या आतच वाचता येणार. कोंडीतही तेवढ्या जवळून तो काचेतून दिसायला हवा.

सावली_परळ

नंबर ३० सेंमीचा करून खालच्या कोपऱ्यात ठेवला तर ७२ मीटरपासून दिसेल. एक प्रिंट तसा आणि एक नंबराशिवाय काढते, ताईंच्या घरच्यांनाच २.४ मीटरवर उभं करते. संध्याकाळी सातला त्या पट्ट्यात बसने जाणारं कोणी इथे असेल, तर बोर्ड सीटवरून किती वेळ दिसतो ते सांगाल का?