मदत हवी आहे: काळ्या स्लाइडवर चार्ट, लोगो, फोटो दिसेनात

सोयाबीन_लातूर: मंडळी, आमच्या शेतकरी कंपनीचं प्रेझेंटेशन गुरुवारी संभाजीनगरला बँकेपुढं आहे. अध्यक्षांना काळंच पाहिजे, "भारी दिसतंय" म्हणून. पॉवरपॉइंटमध्ये Format Background मधून 121212 रंग दिला अन् सगळं बिघडलं. एक्सेलमधून आणलेल्या भावाच्या चार्टवरचे आकडे काळेच राहिले, गडद निळी रेघ तर गायबच. लोगोभोवती पांढरा चौकोन. पेरणीच्या फोटोत रान कुठं संपतं अन् स्लाइड कुठं सुरू होते तेच कळंना, आपली माती आधीच काळी!

गोदाकाठ: लोगोचं सोपंय. Color मध्ये Set Transparent Color घ्या, पांढऱ्यावर क्लिक करा. झालं.

अण्णा_जालना: काळ्या स्लाइडनं लॅपटॉपची बॅटरी जास्त टिकते का? आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही.

पाटीवाला: अण्णा, वेगळा धागा काढा.

सोयाबीनराव, तुम्ही नुसती पार्श्वभूमी रंगवली. थीमला अजून स्लाइड पांढरीच वाटतेय, म्हणून ती अक्षरं काळी देते. तो रंग काढा. Design मध्ये Variants चा बाण उघडा, Background Styles मधली शेवटच्या उभ्या रांगेतली काळी निवडा, अक्षरं आपोआप पांढरी होतील. मग चार्ट नव्यानं पेस्ट करताना Use Destination Theme घ्या. चार्ट चित्र म्हणून पेस्ट केला असेल तर मात्र काही बदलणार नाही.

रेघ वेगळी गोष्ट आहे. तुम्ही हातानं दिलेला रंग थीम बदलत नाही. पॅलेटमधला गडद निळा 002060 असेल, तर 121212 वर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर, जेमतेम 1.2 येतो, रेघेला निदान 3 लागतो. गडद लाल C00000 सुद्धा 2.9 वरच अडकतो. F4B942 सारखा पिवळा द्या, दहाच्या वर जातो.

गोदाकाठ यांचा उपाय अर्धाच. ती सोय एकच नेमकी छटा काढते. कडेचे फिकट ठिपके राहतात अन् लोगोला खडूची धूळ लागल्यागत दिसतं. ज्यानं फ्लेक्स छापला त्याच्याकडं मूळ कोरल फाइल असेल, त्यातून SVG मागा. लोगोतलीच अक्षरं गडद असली तर सरळ पांढऱ्या पट्टीवर ठेवा. फोटोला एक पॉइंटाची करडी चौकट पुरे.

सोयाबीन_लातूर: आकडे पांढरे झाले! रेघ पिवळी केली. चौकटीनं रान सुटं झालं. फ्लेक्सवाला फोन उचलंना, म्हणून सध्या पट्टी. पण तिथं टीव्ही नाही, प्रोजेक्टर आहे, खिडक्या मोठ्या अन् वेळ दुपारची.

पाटीवाला: मग अवघड आहे. प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही, तिथं फक्त उजेड देत नाही. उन्हानं पडदा उजळला की तुमचा काळा करडा होतो, अन् कॉन्ट्रास्टचे वरचे आकडे बदलतात. पडदे लागतील का विचारा, अन् पांढरी प्रतही सोबत ठेवा.

सोयाबीन_लातूर: पांढरी प्रत करतो. अध्यक्षांना कोण सांगणार?