१२ मे आणि टीपीआर चार्टवरचा २८ : तुमचेही वॉर्डमधले अनुभव लिहा

मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ॲडमिनिस्ट्रेटर आहे. दर १२ मेला, नर्सेस डेच्या सकाळी, सिस्टर लोकांसमोर चार शब्द बोलावे लागतात. परवा रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायली काढताना आठ वर्षांपूर्वीचा एक टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायचा कागद, हाती लागला आणि ती रात्र आठवली. मग ठरवलं की यंदा दुसरं काही बोलायचं नाही, हेच सांगायचं. सकाळी जे वाचलं ते खाली देतोय.

"सिस्टर आणि ब्रदर, हा चार्ट सर्जिकल वॉर्डचा आहे. पेशंट ५४ वर्षांचे, वजन साधारण ६०, आतड्याला भोक पडलं म्हणून ऑपरेशन झालेलं, दुसरा दिवस. श्वासाचा रकाना बघा. सकाळी २०, दुपारी २०, रात्री दहाला २०. शेजारच्या बेडच्या चार्टवरही २० आणि त्याच्या शेजारीही २०. वॉर्डातली सगळी माणसं एकाच तालावर श्वास घेत नाहीत, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग रात्री दोनला वेगळ्या अक्षरात २८ लिहिलंय. त्या सिस्टरने पेशंटचं मनगट नाडी बघतोय असं दाखवून धरलं आणि पोट वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजलं. सांगून मोजलं तर माणूस श्वास बदलतो म्हणून. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं, परत २८. बीपी ११८/७६, मास्कने ५ लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९७, ताप नावाला, पेशंट म्हणतोय बरंय मला. ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले सॅच्युरेशन चांगलंय, सकाळी बघू. तिने फोन ठेवला आणि लघवीची पिशवी बघितली. तासाभरात १५ एमएल. निदान ३० तरी हवी होती. दोन चाळीसला श्वास ३०. मग तिने थेट सर्जनना उठवलं आणि 'मला काळजी वाटतेय' असं न म्हणता हे चार आकडे वाचून दाखवले. शिवलेली जागा गळत होती. पहाटे पोट परत उघडलं, सोळाव्या दिवशी पेशंट घरी गेले. त्या सिस्टर आज आपल्या आयसीयूच्या इनचार्ज आहेत. आजपासून रात्रीचा लिनन मोजायचा आणि औषधांच्या इंडेंटचा कागद स्टोअरचा माणूस करेल. तो वेळ श्वास मोजायला वापरा, एवढंच मागतो."

तुमच्याकडचे असे अनुभव असतील तर लिहा, सिस्टरचे, पेशंटचे, नातेवाइकांचे, कुणाचेही.

रातराणी: साहेब वाचून अंगावर काटा आला. पण खरं सांगू का, आमच्या वॉर्डला रात्री २६ पेशंट आणि मी एकटी आणि एक मावशी. पूर्ण मिनिट मोजायचं म्हणजे २६ मिनिटं फक्त श्वासाला, तेवढ्यात दोन सलाईन संपतात एक आयव्ही निघते आणि कुणाचातरी नातेवाईक काउंटरवर उभा असतो. २० का लिहिलं जातं ते आळस म्हणून नाही हो. तुमच्यासारखं काम काढून घेणारं कुणी भेटलं नाही आम्हाला

कोकणचा_बाबू: कोविडमध्ये सगळेच शिकलो ना, ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, ९५ च्या वर असलं की टेन्शन नाही. आता श्वास मोजायची गरजच काय, मशीन आहे

भूलवाला: बाबू, तुमचं अर्धं बरोबर आहे. घरी, ऑक्सिजन न लावलेल्या माणसाला तो आकडा कामाचा. पण ऑक्सिजन चालू असेल तर सॅच्युरेशन शेवटपर्यंत छान दिसतं. वरच्या केसमध्ये रक्तात आम्ल साठत होतं, ते बाहेर टाकायला शरीर जोरात श्वास घेत होतं. फुफ्फुस ठणठणीत, म्हणून ९७. बिघाड पोटात होता आणि दिसत होता फक्त श्वासात. उलटंही होतं. ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं इंजेक्शन दिलेला पेशंट शांत झोपलाय, सॅच्युरेशन ९८, सगळे खूश, आणि मोजलं तर मिनिटाला ८. हाक मारून उठतो का बघा आणि लगेच बोलवा. मी अशा कॉलला कधीच चिडलो नाही

रातराणी: चिडणारे पण असतात सर 🙏

चिऊची_आई: माझं बाळ ३ महिन्यांचं आहे, हे वाचून आत्ता झोपेत मोजलं तर ४४ आले!! इथे २८ ला एवढं झालं, मी काय करू, मिस्टर गावी आहेत

मेट्रनबाई: अगं बाळा घाबरू नकोस. हे मोठ्या माणसांचे आकडे आहेत, त्यांचं १२ ते २० चालतं. बाळं भरभर श्वास घेतात. तुझ्या बाळाला ५० च्या आत ठीक. शांत असताना पूर्ण मिनिट मोज, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, कारण बाळं मध्येच थांबतात. ५० किंवा वर आला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध पीत नसेल तर मात्र वाट बघू नकोस, डॉक्टर गाठ. ३५ वर्षं केलं हे काम, लिही परत काही वाटलं तर.

चिऊची_आई: थँक्यू मावशी. दूध पिऊन झोपलीये. खड्डा नाही पडत, बघितलं

देशावरचा: विषय थोडा वेगळा आहे पण सिस्टरचाच. वडिलांना डिस्चार्ज देताना एक सिस्टर म्हणाल्या घरची इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दोन्ही आणून दाखवा, मला वाटलं कशाला उगाच खेप. आणली तर बाटली नवीन १०० ची आणि सिरिंज जुन्याच लाल टोपीच्या, ४० वाल्या. आई १० च्या रेघेपर्यंत भरत होती म्हणजे जात होतं २५ युनिट!! घरी दोनदा पहाटे घाम फुटून बाबा बरळले होते, आम्ही वय झालं म्हणालो. त्या सिस्टरनी केशरी टोपीची सिरिंज आईच्या हातात दिली, तिच्याकडून तीन वेळा भरून घेतलं आणि लाल सगळ्या टाकून द्यायला लावल्या. नाव पण विचारलं नाही मी त्यांचं, आजही चुटपूट लागते

मेट्रनबाई: मेडिकलवाल्याने बाटली बदलली की सिरिंज बदलायला हवी, हे कुणी सांगतच नाही. आम्ही वॉर्डात दोन्ही एका ट्रेमध्ये ठेवूच देत नव्हतो.

गणू_लातूर: माझ्या बहिणीला जीएनएमला ॲडमिशन घ्यायचंय, सायन्स नाहीये, आर्ट्स आहे चालेल का? कुणाला माहीत असेल तर सांगा

ब्रदर_सचिन: गणू, जीएनएमला आर्ट्स चालतं, बारावीला इंग्रजी हवं. बीएस्सी नर्सिंगला मात्र पीसीबी लागतं. टक्क्यांची अट कॉलेजात विचार.
बाकी साहेब एक प्रश्न. मोजायचं कशावर? इन्फेक्शन कंट्रोलवाले मनगटी घड्याळ घालू देत नाहीत, मोबाईल लॉकरमध्ये, वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ काउंटरच्या मागे, सेकंदकाटा बंद. आमच्याकडे १२ मेला गुलाब आणि पेन मिळालं. युनिफॉर्मला उलटं लटकवायचं छोटं घड्याळ मिळालं असतं तर रोज वापरलं असतं

मूळ लेखक: सचिन, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आत्ता राउंड मारून आलो, सहापैकी चार वॉर्डात बेडवरून सेकंदकाटा दिसत नाही. मोठी घड्याळं बेडसमोरच्या भिंतीला लावायला सांगितली. लटकवायची घड्याळं कुठे मिळतात, कुणी घेतलीत का?

रातराणी: मी ऑनलाइन घेतलंय, सिलिकॉनचं घ्या, स्पिरिटने पुसता येतं, धातूच्या साखळीत घाण बसते. चला ओव्हर घ्यायची वेळ झाली, बेड ११ चं मी पण आज पूर्ण मिनिट मोजते