पहिल्या वाढदिवसाचा मजकूर

"लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला बायकोला काय लिहू? दोन्ही घरांचा विरोध होता."

विरोधाची उजळणी करण्यापेक्षा तुम्ही दोघांनी काढलेला एखादा दिवस लिहावा. आमचे लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे झाले. त्याची नोटीस कार्यालयाच्या फलकावर ३० दिवस असते, आणि गावभर बातमी व्हायला तेवढे पुरेसे होते. मी पत्नीला लिहिले होते : "त्या महिन्यात तू रोज कापूस वेचायला गेलीस, कोणी टोमणा मारला तरी मान खाली घातली नाहीस, आणि तिसरा साक्षीदार आयत्या वेळी फिरला तेव्हा तूच मावशीला घेऊन आलीस. यंदा तुरीच्या शेंगा तिनेच पाठवल्या." सासऱ्यांविषयी मात्र एक शब्दही लिहिला नाही, कारण घरात मोबाईल सगळेच पाहतात. (आईने तो मजकूर वाचलाच.)